कर्ता कोण? : इतिवृत्तातून कामांची यादी काढण्याच्या अभ्यासाची प्रस्तावना

आमच्या गृहनिर्माण संस्थेचा मी सचिव होतो, तेव्हाची गोष्ट. जिन्यांमध्ये टांगलेल्या अग्निशामक सिलिंडरांची मुदत संपत आली होती. व्यवस्थापन समितीच्या सभेत विषय निघाला, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मी वहीत लिहिले : ‘सिलिंडर त्वरित भरून घेण्यात यावेत, असे सर्वानुमते ठरले.’ पुढच्या महिन्यात तेच वाक्य पुन्हा लिहिले. त्याच्या पुढच्या महिन्यातही लिहिले, फक्त ‘त्वरित’च्या जागी ‘तातडीने’ आले. चौथ्या सभेनंतरच्या आठवड्यात ए विंगच्या मीटर खोलीत ठिणगी उडाली आणि धूर झाला. रखवालदाराने जवळचा सिलिंडर उचलला, पिन ओढली, दांडा दाबला. नळीतून काहीच आले नाही. कोणीतरी धावत जाऊन मेन स्विच बंद केला, वाळूच्या बादलीने बाकीचे भागले आणि कोणाला इजा झाली नाही.

त्या रात्री मी इतिवृत्ताची वही काढून चारही सभा ओळीने वाचल्या. इतिवृत्त नियमाप्रमाणे होते. सूचक होते, अनुमोदक होते, अध्यक्षांची सही होती. एकही वाक्य खोटे नव्हते. पण ‘भरून घेण्यात यावेत’ या वाक्याला कर्ता नव्हता. खजिनदारांना वाटत होते की हे काम सचिवांचे, आणि मला वाटत होते की सिलिंडरवाल्याचा फोन नंबर खजिनदारांकडे आहे म्हणजे तेच बोलावतील. या पुस्तकाची सुरुवात माझ्यापुरती त्या रात्री झाली.

लांबलचक इतिवृत्तातून ‘कोणते काम, कोणाकडे, कधीपर्यंत’ अशी यादी काढणे हे कारकुनी काम आहे, असा समज आहे. वाचायचे आणि खाली उतरवून काढायचे, त्यात अभ्यास तो कसला? या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाला मी सुरुवातीलाच सांगतो की हे उतरवून काढणे नाही. इतिवृत्ताची भाषा आणि कामाची भाषा या दोन वेगळ्या भाषा आहेत, आणि त्यांच्यामधली दरी मराठीत विशेष खोल आहे.

मराठी इतिवृत्त कर्मणी प्रयोगावर उभे असते. ‘करण्यात यावे’, ‘घेण्यात यावा’, ‘मागवण्यात यावीत’, ‘कळवण्यात यावे’. शाळेत आपण शिकलो की या प्रयोगात क्रियापद कर्माप्रमाणे चालते. इतिवृत्तात मात्र कर्ता वाक्यातून पारच निघून जातो. यामागे कोणाची लबाडी नसते. सभा एक मंडळ म्हणून बोलते, व्यक्ती म्हणून बोलत नाही, आणि ठराव मंडळाचा असतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि त्याखालचे उपविधी यांना इतिवृत्तातून हवा असतो तो निर्णयाचा पुरावा : सभा रीतसर भरली का, गणपूर्ती होती का, ठराव कोणत्या शब्दांत झाला. त्या कामासाठी कर्त्याविना वाक्य अगदी योग्य आहे. तेच वाक्य सोमवारी सकाळी कोणी फोन उचलावा, हे मात्र सांगू शकत नाही. यादी करणाऱ्याला हरवलेला कर्ता शोधायचा असतो, आणि सापडत नसेल तर तो सापडत नाही असे स्पष्ट लिहायचे असते.

या शोधामागे मोठी विचारपरंपरा आहे. तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डमध्ये दिलेल्या आणि १९६२ साली पुस्तकरूपाने आलेल्या व्याख्यानांत दाखवून दिले की काही वाक्ये जगाचे वर्णन करत नाहीत, तर उच्चारताच एक कृती घडवतात. ‘मी वचन देतो’ हे वाक्य वचनाची बातमी देत नाही, ते वचनच असते. पुढे टेरी विनोग्राड आणि फर्नांडो फ्लोरेस यांनी १९८६ सालच्या आपल्या पुस्तकात कचेरीतले काम हे मुळात विनंती, होकार आणि पूर्तता यांचे जाळे आहे, अशी मांडणी केली. आणि २००७ साली मॅथ्यू पर्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सभांमधल्या संभाषणातून कामे कशी ओळखता येतील याचा अभ्यास करताना एका कामाचे चार घटक वेगळे केले : कामाचे वर्णन, मुदत, जबाबदार माणूस आणि संमती. हे घटक सभेत एका वाक्यात येत नाहीत, वेगवेगळ्या तोंडून, वेगवेगळ्या क्षणी येतात, आणि ते सुटे सुटे शोधून मग जोडले तर काम जास्त चांगले ओळखता येते, असे त्यांना दिसले.

या चारांतला चौथा घटक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे काम, माणूस आणि तारीख असे तीन रकाने करण्याची पद्धत आहे. संमतीचा रकाना कोणी ठेवत नाही, आणि यादी तिथेच फसते.

हे सगळे एका उताऱ्यावर करून पाहू. उतारा मी उदाहरणासाठी रचला आहे, पण ज्यांनी सोसायटीच्या समितीत एक वर्ष काढले आहे त्यांना तो अनोळखी वाटणार नाही. मुंबई परिसरातली साठ सदनिकांची संस्था, शनिवार, १२ एप्रिल २०२५ची मासिक सभा, सात पानांचे इतिवृत्त. त्यातला विषय क्रमांक चार असा :

‘बी विंगच्या ७०३ व ७०४ या सदनिकांत छतातून पाणी झिरपत असल्याची लेखी तक्रार आल्याचे सचिवांनी सभेस सांगितले. मागे केलेल्या वॉटरप्रूफिंगची हमी शिल्लक आहे का ते पाहावे, असे खजिनदारांनी सुचवले. हमी असल्यास जुन्या कंत्राटदाराकडूनच काम करून घ्यावे, नसल्यास किमान तीन दरपत्रके मागवण्यात यावीत, असे ठरले. पाण्याच्या टाकीखालचा भागही तपासावा, अशी सूचना एका सदस्याने केली. पावसाळ्यापूर्वी काम पूर्ण झालेच पाहिजे, असे अध्यक्षांनी सांगितले. लिफ्टच्या देखभाल करारावरही चर्चा झाली. याबाबत समितीने उचित कार्यवाही करावी, असे सर्वानुमते ठरले.’

पहिल्या वाचनात यादीला हात लावायचा नाही. पेन्सिल घेऊन फक्त क्रियापदांखाली रेघ ओढायची : सांगितले, सुचवले, ठरले, सूचना केली, सांगितले, चर्चा झाली, ठरले. यांतले ‘ठरले’ दोनदाच आले आहे. बाकी माहिती आहे, मत आहे किंवा नुसती नोंद आहे. ‘सुचवले’ याचे काम तेव्हाच होते, जेव्हा पुढचे ‘ठरले’ त्याला आपल्यात सामावून घेते. खजिनदारांची हमीची सूचना तशी सामावली गेली, कारण पुढचा निर्णय हमी असण्या-नसण्यावरच उभा आहे. टाकीखालच्या भागाची सूचना मात्र अधांतरी राहिली. ती यादीत घ्यायची नाही आणि टाकायचीही नाही. यादीच्या खाली ‘सचिवांना विचारायचे’ असा मथळा करून तिथे ती ठेवायची. लिफ्टच्या कराराचेही तसेच. ‘चर्चा झाली’ हे शब्द इतिवृत्तात आले की निर्णय झालेला नाही, असे समजून चालावे. माझ्या अनुभवात सात पानांच्या मासिक इतिवृत्तातून आठ-दहा कामे निघतात. पंचवीस निघाली तर बहुधा आपण प्रत्येक सूचनेला काम समजून बसलो आहोत.

इतिवृत्त शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पहिली ओळही लिहायची नाही, याला कारण आहे ‘ऐनवेळचे विषय’. सभा संपत आलेली असते, चहा आलेला असतो, आणि तेव्हा कोणीतरी सांगते की त्या कंत्राटदाराचा फोन गेले दोन महिने लागत नाही. हे वाक्य सातव्या पानावर असते आणि चौथ्या विषयाचा अर्धा निर्णय बदलून टाकते. पान उलटता उलटता यादी केली, तर पहिल्या कामात अशा माणसाकडे जायला सांगितलेले असते जो सापडतच नाही.

आता ‘हमी असल्यास... नसल्यास’ पाहू. नवशिका इथे दोन कामे लिहितो : एक, जुन्या कंत्राटदाराकडून काम करून घेणे, दोन, तीन दरपत्रके मागवणे. ही दोन्ही कामे एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. आज खरे असलेले काम एकच आहे, हमीपत्र शोधण्याचे. बाकीची त्याच्या उत्तरावर टांगलेली आहेत, आणि ती तशीच, ‘हमी नसल्यास’ हे शब्द पुढे ठेवून लिहायची. काम लिहितानाही ‘हमी पाहणे’ असे लिहून भागत नाही, कारण ‘पाहिली’ म्हणून सांगता येते आणि कोणाला काही कळत नाही. ‘वॉटरप्रूफिंगचे हमीपत्र फाइलमधून काढून त्यावरची अखेरची तारीख समितीला लेखी कळवणे’ असे लिहिले, की काम झाले का हे विचारायची गरज उरत नाही. तारीख आलेली असते किंवा नसते. ओळीच्या शेवटी हातात काय दिसेल, ते ओळीतच आले पाहिजे.

मुदतीकडे वळू. अध्यक्ष म्हणाले, ‘पावसाळ्यापूर्वी’. मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून धरली जाते, त्यामुळे यादीत ‘३१ मे’ लिहावेसे कोणालाही वाटेल, अकरा दिवस हाताशी ठेवून. पण त्याच वर्षी, २०२५मध्ये, मुंबईत मोसमी पाऊस २६ मे रोजीच दाखल झाला. ३१ मेवर विसंबलेली गच्ची उघडी पडली असती. एप्रिलमध्ये बसलेल्या समितीला हे कळणे शक्य नव्हते, आणि म्हणूनच ‘पावसाळ्यापूर्वी’सारखा शब्द तारखेत बदलताना ऋतूच्या बाजूने मोजू नये, कामाच्या बाजूने उलटे मोजत यावे आणि अखेरीस मोकळी जागा सोडावी.

तसे मोजू. काम २० मेपर्यंत उरकायचे ठरवले. त्याआधी गच्चीत पाणी साठवून दोन दिवस गळती पाहायची, म्हणजे १८ मेला पाणी भरायचे. जुना थर उकरणे, नवा घालणे आणि तो पाण्याने मुरवणे याला दहा-बारा दिवस धरले तर मजूर ५ मेला गच्चीवर हवेत. कामाचा आदेश त्याआधी दोन-तीन दिवस, म्हणजे २ मे. दरपत्रके २६ एप्रिलपर्यंत हाती हवीत. आणि दरपत्रके मागवायला दहा दिवस द्यायचे तर हमीपत्राचे उत्तर १६ एप्रिलला, म्हणजे सभेनंतर चार दिवसांत आले पाहिजे.

हे गणित मांडताच इतिवृत्तात कुठेच न दिसणारी एक गोष्ट समोर येते. समितीची पुढची मासिक सभा आहे १० मेला. मग २६ एप्रिलला आलेली दरपत्रके २ मेच्या आत उघडणार कोण, आणि कंत्राटदार निवडणार कोण? उपविधींनुसार दुरुस्तीवर समिती आपल्या अधिकारात किती खर्च करू शकते यालाही मर्यादा असते. खर्च तिच्या वर गेला तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते आणि सगळे वेळापत्रक कोलमडते. सभेत कोणीही चुकीचे बोलले नव्हते, पण मधला एक निर्णय घ्यायचाच राहून गेला होता. यादी करणाऱ्याने तो स्वतः घ्यायचा नाही. त्याच रात्री सचिवांना फोन करून सांगायचे की २७ एप्रिलच्या रविवारी समितीची विशेष सभा लावावी लागेल, नाहीतर २० मे ही तारीख खोटी आहे.

इथे या क्षेत्राची एक शिस्त येते, जिच्यावर पुढच्या प्रकरणांत मी वारंवार येतो. यादी म्हणजे इतिवृत्त नव्हे. अभिलेख म्हणून उभे राहते ते इतिवृत्तच. म्हणून मी वर मोजलेल्या तारखा ‘सभेने ठरवलेल्या’ म्हणून यादीत जाता कामा नयेत. सभेत मुदतीबद्दल आले ते फक्त अध्यक्षांचे ‘पावसाळ्यापूर्वी’. बाकीच्या तारखांपुढे ‘प्रस्तावित’ असे लिहायचे, आणि ज्याच्याकडे काम आहे त्याने हो म्हटल्यावरच तो शब्द काढायचा. प्रत्येक ओळीसमोर विषय क्रमांक आणि पान क्रमांक टाकायचा, म्हणजे शंका आली तर मूळ वाक्यापर्यंत जाता येते. जिथे मुदतीचा मागमूसच नसतो, तिथे आपल्या मनाची तारीख घालण्यापेक्षा ‘मुदत ठरलेली नाही’ असे लिहिणे बरे. रिकामी जागा पुढच्या सभेत प्रश्न बनून उभी राहते. कल्पनेतली तारीख मात्र सगळ्यांना खरी वाटते, आणि ती टळली की न दिलेला शब्द मोडल्याचा ठपका एखाद्या भल्या माणसावर येतो.

राहिला माणूस. ‘समितीने उचित कार्यवाही करावी.’ समिती फोन करत नाही, फाइल उघडत नाही. एका ओळीसमोर एकच माणूस हवा. दोघांची नावे घातली की प्रत्येकाला दुसरा दिसतो, सिलिंडरांच्या बाबतीत आमचे तेच झाले होते. ‘काम करणारा’ आणि ‘उत्तर देणारा’ यांतही फरक करावा लागतो. वॉटरप्रूफिंग कंत्राटदार करेल, पण यादीत कंत्राटदाराचे नाव येत नाही, कारण तो सभेला बांधलेला नाही. त्याच्यामागे उभा राहणारा बी विंगचा समिती सदस्य यादीत येतो. आणि नाव शोधताना सगळ्या वाटा सचिवाकडे जातात, हा मोह टाळायला हवा. कर्ता सापडला नाही की ‘सचिव’ लिहिणे सोपे असते. दहांपैकी सात ओळींसमोर एकच पद दिसू लागले तर ती यादी एका बिनपगारी, नोकरी सांभाळून वेळ देणाऱ्या माणसावर टाकलेले ओझे आहे, आणि तिसऱ्या महिन्यात ती थांबते. हमीपत्र खजिनदारांकडे जावे, कारण जुनी बिले त्यांच्या कपाटात आहेत. दरपत्रके बी विंगच्या सदस्याकडे जावीत, कारण गच्चीची चावी त्याच्याकडे आहे आणि कंत्राटदारांना जागा दाखवायला तोच वर जाणार आहे. नाव शोधताना पद पाहण्यापेक्षा कपाट आणि चावी कोणाकडे आहे, ते पाहावे.

आता संमती. समजा, बी विंगचे हे सदस्य त्या सभेला गैरहजर होते. गैरहजर माणसावर काम टाकणे हा आपल्या सभांमधला जुना रिवाज आहे. इतिवृत्तात ते ‘सोपवण्यात आले’ म्हणून येते आणि वाचणाऱ्याला काम मार्गी लागल्यासारखे वाटते. यादीत त्यांच्या नावापुढे ‘संमती बाकी’ असे लिहावे लागते, आणि ते दोन शब्द कोणीतरी त्यांच्याशी बोलेपर्यंत तिथेच राहतात. हजर असलेल्यांचेही तपासावे लागते. सभेत विचारले की, ‘हमीचे तुम्ही पाहाल ना?’ तर उत्तर येते, ‘बघतो.’ मराठीतले हे ‘बघतो’ कधी पक्का होकार असते, कधी नम्र नकार, आणि बरेचदा विषय पुढे ढकलण्याची सभ्य पद्धत. ‘बघू’ तर त्याहून सैल, त्यात कर्ताही अनेकवचनी झालेला असतो. इतिवृत्त लिहिणारा या सगळ्याचे ‘मान्य केले’ असे शुद्धलेखन करून टाकतो, आणि मूळ सूर कायमचा हरवतो. म्हणून इतिवृत्तावरून यादी करणाऱ्याने शक्य असेल तर सभेत बसावे, नसेल तर ‘मान्य केले’ या शब्दांवर पूर्ण भरवसा ठेवू नये. दुसऱ्या दिवशी एक निरोप पुरतो : ‘वॉटरप्रूफिंगचे हमीपत्र शोधून १६ तारखेपर्यंत कळवायचे, असे तुमच्याकडे आहे. जमेल ना?’ याला आलेले ‘हो, १६ नाही, १७ला देतो’ हे उत्तर ‘सर्वानुमते’ या शब्दाहून अधिक मोलाचे आहे, कारण ते एका माणसाने, एका तारखेसह, स्वतःच्या तोंडाने दिलेले आहे.

हे झाल्यावर विषय चारची यादी अशी दिसते :

विषय ४, पान ३. वॉटरप्रूफिंगचे हमीपत्र शोधून अखेरची तारीख समितीला लेखी कळवणे. खजिनदार. १७ एप्रिल. संमती मिळाली.

विषय ४, पान ३ व ऐनवेळचे विषय, पान ७. हमी नसल्यास किंवा जुना कंत्राटदार न सापडल्यास, तीन दरपत्रके मिळवून सचिवांकडे बंद पाकिटात देणे. बी विंगचे समिती सदस्य. २६ एप्रिल, प्रस्तावित. संमती बाकी.

विचारायचे : दरपत्रकांवर निर्णयासाठी २७ एप्रिलची विशेष सभा लावायची का? खर्च समितीच्या मर्यादेत बसेल का? टाकीखालचा भाग याच कामात धरायचा का? लिफ्टच्या कराराचे काय ठरले?

दहा ओळींच्या उताऱ्यातून दोन कामे आणि चार प्रश्न निघाले. नवख्या वाचकाला हे प्रमाण उलटे वाटेल. मला ते बरोबर वाटते, कारण गुळगुळीत लिहिलेल्या इतिवृत्तात इतकेच ठरलेले असते.

यादी पुढच्या सभेत वाचली गेली नाही तर तिचा कागद वाया जातो. विषयपत्रिकेवर ‘मागील इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा पहिला विषय असतोच. त्याला लागून ‘मागील कामांचे अनुपालन’ हा दुसरा विषय ठेवावा, आणि तिथे इतिवृत्त न वाचता ही यादी वाचावी. प्रत्येक ओळीला झाले, झाले नाही किंवा रद्द, एवढेच उत्तर. ‘प्रगतिपथावर’ हा शब्द मी आमच्या सभांतून काढून टाकायला लावला. त्याच्याऐवजी नवी तारीख सांगायची. आणि नवी तारीख आली तरी जुनी खोडायची नाही, तिच्या शेजारी लिहायची. एखाद्या ओळीवर तीन तारखा साचल्या की माणूस आळशी आहे असा निष्कर्ष काढण्याआधी काम पुन्हा वाचून पाहावे. बहुधा एका ओळीत दोन कामे कोंबलेली असतात, किंवा आधीचा एखादा निर्णय अडलेला असतो, जसा इथे विशेष सभेचा होता.

सिलिंडरांची ओळ त्या प्रसंगानंतर आमच्या यादीत अशी लिहिली गेली : ‘चौदाही सिलिंडर भरून, प्रत्येकावर नव्या तारखेचे लेबल लावून, त्यांचे छायाचित्र समितीच्या गटात टाकणे.’ नाव एकाच माणसाचे होते, ए विंगच्या तळमजल्यावर राहणाऱ्या सदस्याचे, कारण सिलिंडरवाल्याची गाडी त्यांच्याच दारासमोर थांबते. त्यांनी सभेत उठून सांगितले होते, ‘मी करतो, पण शनिवारशिवाय जमणार नाही.’ आम्ही शनिवारची तारीख लिहिली.